दहा लिटरवरून एक गुंठा

सातव्या सेमिस्टरला आम्ही दिलेल्या सिनॉप्सिसचं नाव होतं 'दहा लिटर क्षमतेचा स्वयंचलित फवारणी ड्रोन'. त्या वेळी 'नमो ड्रोन दीदी'च्या बातम्या सगळीकडे होत्या. बचत गटांना ड्रोनसाठी ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत अनुदान. हे वाचूनही आमच्या डोक्यात आलं नाही की ज्या वस्तूला ८ लाखांचं अनुदान मिळतं ती चार पोरं मिळून ३२ हजारांत कशी बनवणार. आमचं बजेट तेवढंच होतं, माणशी ८ हजार. ओंकार, प्रणाली, समीर आणि मी, चौघंही एक्स्टीसीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचे, नवी मुंबईतल्या एका कॉलेजचे.

आठव्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गाईड मॅडमना प्लॅन दाखवला. रंगीत गॅंट चार्ट होता. 'डिझाईन', 'असेंब्ली', 'टेस्टिंग', 'रिपोर्ट' अशा चार पट्ट्या आणि पुढे तारखा. मॅडमनी तारखांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "टेस्टिंग संपलं हे कळणार कसं? प्रत्येक टप्प्यापुढे एक आकडा लिहा. तो आकडा आला तर पुढे जायचं, नाही आला तर काय करायचं तेही आत्ताच लिहा. आणि हे दहा लिटर खोडा."

दहाच्या जागी किती, हे ठरवायला आम्ही उलटीकडून निघालो. ड्रोनने फवारणी करताना एकरी साधारण १० लिटर द्रावण वापरतात. एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाव लिटर. म्हणजे एका गुंठ्यावर एकसारखी फवारणी करून दाखवायची तर टाकीत ३०० मिली पाणी पुरे. प्रकल्पाचं उद्दिष्ट एका वाक्यात आलं: दहा मीटर बाय दहा मीटरच्या तुकड्यावर पाव लिटर पाणी किती सारखं पडतं, ते मोजून दाखवायचं. उडवून दाखवायचं नव्हे, मोजून दाखवायचं. ओंकारला हे फार किरकोळ वाटलं. "एक गुंठा? आमच्या मामाचं परसही त्याहून मोठं आहे," तो म्हणाला. त्याच मामांचं शेत पुढे आमच्या कामाला आलं.

पहिला टप्पा मोटरचा. पंख्यासकट एक मोटर किती वजन उचलते हे विक्रेत्याच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि त्यावर विसंबलं की पुढची सगळी आकडेमोड कागदावरच राहते. आम्ही प्लायवूडचा एल आकाराचा हात केला, कोपऱ्यात दाराची बिजागरी लावली. उभ्या बाजूच्या टोकाला मोटर, तेवढ्याच लांबीच्या आडव्या बाजूखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा. मोटर आडवा जोर लावते, काट्यावर तेवढाच दाब येतो. मोटर थेट काट्यावर उभी केली तर पंख्याची हवा काट्यावरच आदळते आणि आकडा चुकतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मोटरच्या पानावर १२०० ग्रॅम होतं, आमच्या काट्यावर १०९० आलं. त्यातही बॅटरीवर तेव्हा एकच मोटर होती. चारही एकदम ओढायला लागल्या की बॅटरीचा व्होल्टेज आणखी खाली बसतो, म्हणून दहा टक्के कापून ९८० धरले. चारही मोटरींचे मिळून ३.९ किलो. मल्टिकॉप्टर नीट सांभाळायचा तर एकूण जोर वजनाच्या दुप्पट तरी हवा, नाहीतर वाऱ्याच्या झुळकेला तोल सावरायला हातात काही उरत नाही. म्हणजे पाण्यासकट सगळं मिळून १.९५ किलो. हा पहिला आकडा.

गंमत म्हणजे हाच आकडा कायद्यालाही सोयीचा निघाला. 'ड्रोन नियम २०२१'प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचा ड्रोन 'मायक्रो' गटात येतो आणि व्यवसायासाठी नसेल तर तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. शिवाय मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधन आणि चाचणीसाठी नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी वगैरेतून सूट आहे. मात्र उड्डाण परवानगी न लागणाऱ्या हिरव्या झोनमध्ये आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत हवं. इथे अडलं. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या ड्रोन-नकाशावर आमचं कॉलेज हिरव्यात कुठेच नव्हतं. सीनियर बॅचचे फोटो होते कॉलेजच्या ग्राउंडवरचे, तसं आता चालणार नव्हतं.

म्हणून जे घरात होईल ते सगळं इनडोअर हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या जाळ्या चारी बाजूंनी लावून. जीपीएस लागेल ते सगळं मुरबाड तालुक्यात, ओंकारच्या मामांच्या शेतावर. ती जागा नकाशावर हिरवी होती. मामांनी ठराविक दिवसांसाठी शेताचा तो तुकडा कॉलेजच्या ताब्यात देत असल्याचं पत्र दिलं, आमच्या एचओडींनी त्यावर सही केली, पोलीस ठाण्याला एक प्रत गेली. मॅडमनी ही कागदपत्रं दुसऱ्या आठवड्यातच करून घेतली. सेमिस्टरच्या प्लॅनमध्ये सगळ्यात महाग गोष्ट शेतावरचे दिवस असणार, हे त्यांना आधीच दिसलं होतं. अंतर्गत परीक्षा, होळी, दुपारचा वारा हे वजा केलं की शेतावर जायला मोजक्याच सकाळी हातात राहतात. त्यामुळे शेतावर नेण्याआधी ड्रोन हॉलमध्ये पास झालाच पाहिजे, अशी अट प्लॅनमध्ये लिहिली गेली.

दुसरा टप्पा वजनाचा, आणि तो जोडणीच्या आधीचा. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, अगदी स्क्रू, झिपटाय आणि वायरचे तुकडेसुद्धा. आमची बेरीज २१५० ग्रॅमवर गेली, पाण्यासकट. २०० ग्रॅम कमी करायचे होते. सगळे फ्रेमकडे बघत होते, कार्बन फायबरच्या किमती काढत होते. प्रणालीने बॅटरीकडे बघितलं. आम्ही यादीत ५२०० एमएएचची चार सेलची बॅटरी धरली होती, ५०० ग्रॅमची, कारण जास्त वेळ उडणं चांगलं असं सगळीकडे वाचलेलं. पण टाकी रिकामी व्हायला एक मिनिटही लागणार नव्हतं! फवारणीच्या ड्रोनला टाकी संपली की खाली यावंच लागतं. मग एवढी मोठी बॅटरी कशाला वाहायची? ३३०० ची बॅटरी ३४० ग्रॅमची होती. १६० ग्रॅम तिथेच गेले, वर हजारभर रुपये वाचले. उरलेले चाळीस लँडिंग गिअरचे पाय आखूड करून आणि बॅटरीखालची अॅक्रिलिकची पाटी काढून सुटले. या बॅटरीवर हॉलमध्ये भरल्या वजनाने आठेक मिनिटं तरंगत राहिला. एक गुंठा मारून परत यायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे एका चार्जमध्ये दोन टाक्या.

बजेटबद्दल इथेच सांगते. सगळ्यात मोठा घास फ्लाइट कंट्रोलर आणि जीपीएसचा, १२ हजार. त्यात काटकसर केली असती तर आर्डूपायलटचं तयार ड्रोन-फर्मवेअर चालवता आलं नसतं आणि फवारणीचा सगळा कोड स्वतः लिहावा लागला असता. मोटर, त्यांचा वेग सांभाळणारे ईएससी, फ्रेम, पंखे मिळून ७,७००. बॅटरी ३,३००. जमिनीपासूनची उंची मोजणारा छोटा लिडार २,३००. पंप, नळ्या, नोझल, टाकी मिळून १,४००, आणि किरकोळ ६००. रिमोट आणि चार्जर रोबोटिक्स क्लबकडून उसने. हे झाले २७,३००. उरलेले ४,७०० मॅडमनी 'तुटफूट' या नावाने वेगळे काढायला लावले आणि त्यांना मार्चच्या आधी हात लावायचा नाही असं बजावलं. पंखे तर हमखास मोडतात, ते जास्तीचे आधीच घेतलेले होते. ही रक्कम मोटर किंवा ईएससी जळली तर त्यासाठी होती. एक ईएससी खरंच गेला, आणि तो बदलून हॉलमधली चाचणी त्याच आठवड्यात पुन्हा झाली. शेजारच्या ग्रुपचा असाच एक भाग गेला तेव्हा वर्गणी गोळा होईपर्यंत त्यांचं काम थांबलं होतं.

हॉलमधल्या तरंगण्यावर फार लिहीत नाही. आधी टाकीच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधून, मग खरं पाणी भरून. वाळू हलत नाही, पाणी डचमळतं. दोन्ही उड्डाणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, शेजारी ठेवले की ड्रोनच्या डुलण्यात किती वाटा पाण्याचा ते दिसतं. टाकीत स्पंजचा तुकडा कोंबला आणि डुलणं कमी झालं. या टप्प्याचा आकडा होता कंपनाचा: लॉगमधले VIBE चे तिन्ही आकडे ३० च्या खाली. ते पंखे बॅलन्स केल्यावर आले.

खरी मजा पंपात होती. समीरने आधी जुना आरओचा बूस्टर पंप आणला. दाब उत्तम, वजन किलोच्या वर. बाद. मग १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप घेतला. त्याला पनवेलच्या कृषी सेवा केंद्रातून आणलेलं पाठीवरच्या पंपाचं नोझल लावलं तर फवारा फुलेचना, नुसती धार. ते नोझल २-३ बार दाबाला बनवलेलं असतं आणि आमच्या पंपात तो दाब नव्हता. शेवटी पितळेची बारीक मिस्ट नोझल घेतली, चार. प्रत्येकाखाली मेजरिंग सिलिंडर धरून एक मिनिट पंप चालवायचा: प्रत्येकी ९० मिली, चारांचे ३६०. हे ९० कुठून आले? वेग सेकंदाला २ मीटर धरला होता आणि एका फेरीत भिजणारा पट्टा १.२ मीटर. म्हणजे मिनिटाला १४४ चौरस मीटर. चौरस मीटरला अडीच मिली हवं, म्हणून ३६०. पंपाचा वेग तेवढं पाणी पडेल तिथे आणून ठेवला. चारांपैकी एखाद्यात कमी पाणी आलं की ते तुंबलंय असं समजायचं. बोरिंगच्या पाण्याने हे दोन दिवसांत होतं, म्हणून पंपाआधी बारीक जाळी. आणि पंप बंद केल्यावरही नोझल ठिबकत राहायची, वळणावर थेंब सांडायचे. त्यावर आरओचाच चेक व्हॉल्व्ह लावला, किरकोळ खर्चात काम झालं.

आर्डूपायलटमध्ये फवारणीची सोय तयार आहे. पंपाच्या स्पीड कंट्रोलरची वायर आमच्या फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे पिक्सहॉकच्या, ऑक्स-१ ला दिली आणि एवढ्या ओळी:

```
SPRAY_ENABLE,1
SPRAY_PUMP_RATE,40
SPRAY_PUMP_MIN,65
SPRAY_SPEED_MIN,100
SERVO9_FUNCTION,22
RC7_OPTION,15
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ, सेकंदाला १ मीटर वेगाला पंप ४० टक्के, म्हणजे २ मीटरला ८०. वेग वाढला की पाणी वाढतं, कमी झाला की कमी. कागदावर सुंदर. पण मिस्ट नोझलला दाब कमी पडला की धुकं जाऊन पुन्हा धार येते, म्हणून पंप ६५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आणि वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली आला की फवारणी बंद, म्हणजे वळताना एकाच जागी ओतलं जात नाही. शेवटची ओळ रिमोटच्या सातव्या चॅनलवर चालू-बंदचं बटण देते. ते लागतंच.

मुरबाडला भातकापणीनंतर मामांनी भेंडी लावलेली. पोचलो की मामा विचारायचे, "औषध कोणतं मारणार रे?" आम्ही म्हणायचो, फक्त पाणी. त्यात खायचा लाल रंग. "पाणीच मारायचं तर पाट आहे की!" त्यांना आमचं उत्तर कधीच पटलं नाही. औषध मारायचं तर त्याचे नियम, प्रशिक्षण, अंगावरचं संरक्षण सगळं वेगळं, ते आमच्या कुवतीबाहेरचं होतं. भेंडीवरही नाही, शेजारच्या मोकळ्या बांधलेल्या खाचरात काम करायचो, सूर्य वर यायच्या आत. साडेआठनंतर वारा सुटला की एवढे बारीक थेंब सरळ खाली येतच नाहीत.

पट्टा मोजायची पद्धत सोपी आहे. ड्रोनच्या वाटेला आडवी दोरी, तिच्यावर दर २५ सेंटिमीटरवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. ड्रोन दीड मीटर उंचीवरून एकदा जातो, कागद सुकले की मोबाईलने फोटो, आणि फोटोत लाल किती टक्के ते मोजायचं. तीच वाट पुन्हा पुन्हा. पहिल्याच सकाळी दिसलं की मधल्या कागदांवर बाजूच्यांपेक्षा दुपटीने रंग होता. पंख्यांची हवा थेंबांना पोटाखाली गोळा करत होती. कडेचे कागद जवळजवळ कोरे. १.२ मीटर धरलेला पट्टा प्रत्यक्षात ०.९ मीटर निघाला.

आता ०.९ मीटरच्या रेघा मारायच्या तर मिनिटाला १०८ चौरस मीटर होतात आणि तेच ३६० मिली पाणी म्हणजे चौरस मीटरला ३.३ मिली. हवं होतं अडीच. वेग वाढवावा तर दहा मीटरच्या रेघेवर ड्रोन वेग घेतो न घेतो तोच थांबायची वेळ. पंप मंद करावा तर धुकं जातं. समीर म्हणाला, एक नोझलच काढू. आतल्या दोनपैकी एक काढलं, दुसरं बरोबर मध्ये आणलं, कडेची दोन मोटरच्या खाली सरकवली. पंप तोच, तोंडं कमी, त्यामुळे दाब थोडा वाढला आणि सिलिंडरमध्ये २७० च्या ऐवजी २८५ आले. चौरस मीटरला २.६ मिली. मधला लाल डागही उतरला. सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेली दुरुस्ती हीच, कारण तिला एक रुपया लागला नाही आणि दहा ग्रॅम वजनही कमी झालं.

शेवटचा टप्पा पूर्ण गुंठा. दहा मीटरच्या अकरा रेघा, मिशन प्लॅनर या सॉफ्टवेअरमध्ये आखलेल्या. एकूण ११० मीटर, म्हणजे ५५ सेकंद फवारणी आणि मध्ये वळणं. पाणी साधारण २६० मिली लागायला हवं, टाकीत ३०० भरलं तर ४० उरायला हवं. तेवढंच उरलं, म्हणजे एकूण मात्रा बरोबर होती. पण जमिनीवर ठेवलेल्या कागदांच्या जाळीत एक कोरी फट होती आणि तिच्या शेजारी दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या. पंप, नोझल, वेग, सगळं तपासलं. दोष त्यात नव्हता. साध्या जीपीएसची चूक दोन-अडीच मीटरपर्यंत असते आणि आमच्या रेघांमधलं अंतर ०.९ मीटर. काही मिनिटांत ती चूक फार सरकत नाही म्हणून बहुतेक रेघा जागेवर पडल्या, पण सरकली की फट पडणारच. पुन्हा उडवलं तेव्हा फट दुसरीकडे होती. त्यावरूनच कळलं की नोझलचा दोष नाही. तुंबलेलं नोझल प्रत्येक रेघेत त्याच बाजूला कोरं सोडतं, जीपीएसची फट जागा बदलते.

याला उपाय आहे, आरटीके जीपीएस. सेंटिमीटरपर्यंत अचूक, पण जमिनीवरचा बेस धरून त्याची किंमत आमच्या अख्ख्या बजेटला खाऊन टाकणारी. प्रकल्पाच्या अहवालात, म्हणजे ब्लॅक बुकमध्ये, आम्ही तसंच लिहिलं: एका रेघेवर मात्रा सारखी पडते, रेघा एकमेकींना सारख्या जोडल्या जात नाहीत, कारण हे. शेजारी दोन्ही दिवसांच्या जाळीचे फोटो.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी ड्रोन हातात घेतलाच नाही. कागदांच्या पट्ट्यांची फाईल उघडली आणि विचारलं, रंगाच्या टक्क्यांवरून मिली कसे काढले? हा प्रश्न आम्हाला अपेक्षित होता. कागदावरचा लाल भाग आणि पडलेलं पाणी सरळ प्रमाणात नसतं, थेंब एकमेकांत मिसळले की टक्के वाढायचे थांबतात. म्हणून प्रणालीने आधीच सिरिंजने मोजून रंग कागदांवर फवारून तक्ता केला होता, आणि चाळीस टक्क्यांच्या वर आमचा आकडा भरवशाचा नाही हे त्यात लिहिलेलं होतं. सरांनी त्यावर पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न ईएससीवर विचारला.

ड्रोन आता तिसऱ्या वर्षाच्या एका ग्रुपकडे आहे. त्यांना आम्ही वजनाची शीट, नोझलचे सिलिंडरचे आकडे आणि मामांचा फोन नंबर दिला. त्यांनी सिनॉप्सिसमध्ये एक एकर लिहिलंय असं ऐकलं.